सप्टेंबर तिमाहीला बसण्याआधी

तुझ्या नावावर पहिल्यांदाच सप्टेंबर तिमाहीचा लिमिटेड रिव्ह्यू आलाय, म्हणून या धंद्यात केस पांढरे झालेली तुझी आत्या चार गोष्टी सांगतेय. आर्टिकलशिपमध्ये तू ऑडिट भरपूर केलंस आणि नेमकी तीच अडचण आहे. ऑडिटची सवय असलेला माणूस रिव्ह्यूला बसला की दोनांपैकी एक काहीतरी करतो. एक तर व्हाउचरांचा गठ्ठा पुढ्यात ओढतो आणि हातातले मोजके दिवस त्यातच घालवतो. नाहीतर ‘रिव्ह्यूच तर आहे’ म्हणत जून तिमाहीची फाइल उघडतो, तारखा बदलतो आणि मोकळा होतो. पहिल्याचा वेळ वाया जातो. दुसऱ्याची सही वाया जाते.

आधी चौकट समजून घे. लिस्टेड कंपनीला तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल शेअर बाजाराला कळवावे लागतात. सेबीच्या २०१५ च्या लिस्टिंग नियमावलीतला नियम ३३ तसं सांगतो. म्हणजे जूनचे निकाल १४ ऑगस्टपर्यंत, सप्टेंबरचे १४ नोव्हेंबरपर्यंत, डिसेंबरचे १४ फेब्रुवारीपर्यंत. मार्चला वर्षाचे ऑडिट झालेले निकाल द्यायचे असतात, त्याला ६० दिवस मिळतात. पहिल्या तीन तिमाहींना कंपनीने हवं तर ऑडिट करून घ्यावं, नाहीतर ऑडिट न झालेले निकाल द्यावेत आणि सोबत ऑडिटरचा लिमिटेड रिव्ह्यू रिपोर्ट जोडावा. बहुतेक जण दुसरा रस्ता धरतात. आता हे ४५ दिवस कागदावरचे. पुस्तकं बंद व्हायला पंधरवडा जातो, ऑडिट कमिटीची आणि बोर्डाची तारीख आधीच ठरलेली असते, मधे दिवाळी येते. तुझ्या वाट्याला जे उरतं त्यात ऑडिट बसूच शकत नाही, आणि ते बसवावं अशी कुणाची अपेक्षाही नाही.

ऑडिटमध्ये आपण पुरावा गोळा करतो. बँकेला पत्र पाठवतो, डीलरांकडून बाकी कबूल करून घेतो, स्टॉक मोजताना हजर राहतो, बिलं उपसतो, कंट्रोल खरंच चालतात का ते तपासतो. मग ठामपणे म्हणतो की आमच्या मते हिशेब खरं आणि योग्य चित्र दाखवतात. रिव्ह्यूमध्ये यातलं काहीही सुरुवातीला करायचं नसतं. आयसीएआयचं एसआरई २४१० हे मानक काम दोन गोष्टींवर आणून ठेवतं. एक, पैशाअडक्याचं आणि हिशेबाचं काम पाहणाऱ्या माणसांना प्रश्न विचारणं. दुसरी, आकडे एकमेकांशी ताडून पाहणं. जोडीला बोर्डाचे मिनिट्स वाचणं, मागच्या ऑडिट रिपोर्टमधल्या आक्षेपांचं पुढे काय झालं ते पाहणं, निकालाचा तक्ता ट्रायल बॅलन्सशी जुळतो का ते बघणं असली कामं आहेत. आणि शेवटी म्हणायचं ते एवढंच, की निकाल लागू मानकांप्रमाणे तयार झालेले नाहीत असं वाटायला लावणारं काही आमच्या नजरेस आलं नाही.

हे वाक्य फसवं आहे. डोळे मिटून बसलेल्याच्याही नजरेस काही येत नाही. म्हणून त्या वाक्याला वजन येतं ते तू कुठे कुठे पाहिलंस यावरून, आणि ते तुझ्या वर्किंग पेपर्समध्ये दिसलं पाहिजे.

आणखी एक बारकावा मुलं विसरतात. २४१० हे कंपनीच्या स्वतःच्या ऑडिटरसाठी आहे. बाहेरच्या सीएने येऊन रिव्ह्यू करायचा तर त्याला एसआरई २४०० आहे. ही वाटणी उगाच केलेली नाही. आपण नुसते प्रश्न विचारून सही करू शकतो, कारण मागच्या मार्चला या कंपनीचं ऑडिट करताना आपण तिचा धंदा आतून पाहिलेला असतो. तेव्हा रिव्ह्यूला जाताना जूनची फाइल बाजूला ठेव आणि मार्चच्या ऑडिटची फाइल वाच. कोणत्या खात्यात दुरुस्ती करावी लागली होती, कोणत्या मुद्द्यावर सीएफओशी वाजलं होतं, कोणती दुरुस्ती किरकोळ म्हणून सोडून दिली होती. तिमाहीत चूक निघाली तर बहुधा त्याच गल्लीत निघते.

आता मुख्य कानमंत्र. कंपनीचे आकडे उघडण्याआधी, ते काय असायला हवेत हे तू स्वतः कागदावर लिहून काढ. आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की मन त्याला कारणं शोधून देतं आणि विक्री वाढलेली असो की घटलेली, दोन्ही पटायला लागतं. आधी लिहिलेला अंदाज असला तर फरक दडत नाही. सोबत हेही लिही की किती फरक पडला तर तू प्रश्न विचारणार. ही मर्यादा नंतर ठरवलीस तर ती नेहमी आलेल्या फरकापेक्षा थोडी मोठीच निघते!

एक प्रकरण तपशिलाने सांगते. नाव विचारू नकोस. आकडेही समजायला सोपे करून घेतलेत. शेतीपंप बनवणारी मध्यम आकाराची कंपनी. पंपांचा धंदा उन्हाळ्याचा. विहिरी खोल गेल्या की डीलर धावतात. जुलै ते सप्टेंबर शेतात पाणी असतं, म्हणून ही तिमाही सगळ्यांत मंद. आदल्या वर्षी याच तिमाहीत विक्री ८० कोटी होती. एप्रिलमध्ये कंपनीने किमती ५ टक्क्यांनी वाढवल्या होत्या, नवं मॉडेल नव्हतं, नवा प्रांत नव्हता. म्हणून अंदाज लिहिला ८४ कोटी, आणि ४ कोटींपेक्षा जास्त फरक आला तर विचारायचं ठरलं. प्रत्यक्ष आकडा निघाला १०४ कोटी.

वीस कोटींचा फरक. सीएफओंचं उत्तर तयार होतं. पाऊस ओढ देत होता, डीलरांनी धास्तीने आधीच माल उचलला. उत्तर ऐकायला अगदी बरोबर. इथे रिव्ह्यूचं खरं काम सुरू होतं. एरवी उत्तराला कागदी पुरावा मागायला मानक लावत नाही. पण उत्तर आपल्याला जे ठाऊक आहे त्याच्याशी जुळतं का, हे पाहायला लावतं. आणि त्याला उत्तम उपाय म्हणजे ते उत्तर खरं असेल तर दुसऱ्या कुठल्या खात्यात त्याची सावली पडली पाहिजे, हे शोधणं.

पाऊस ओढ देत होता तर मागणी जुलै-ऑगस्टमध्येच दिसायला हवी होती. महिन्यावार विक्री काढली. १०४ पैकी ५२ कोटी एकट्या सप्टेंबरचे. आदल्या वर्षी ८० पैकी सप्टेंबरचे २९ होते. मग उधारी. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला डीलरांकडे ५४ कोटी येणं होतं, म्हणजे तिमाहीच्या विक्रीशी ताडलं तर सुमारे ६२ दिवसांची उधारी. या वर्षी ८५ कोटी, म्हणजे सुमारे ७५ दिवस. यावर सीएफओ म्हणाले, सप्टेंबरचा माल आहे, पैसे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतील. हेही पटण्यासारखं. उधारीचा आकडा एकटा कधी काही सिद्ध करत नाही.

मग मालवाहतूक पाहिली. पंप जड असतो, डीलरकडे ट्रकनेच जातो, आणि ट्रकवाला फुकट नेत नाही. आदल्या वर्षी ८० कोटींच्या विक्रीला वाहतूक २ कोटी ४० लाख, म्हणजे ३ टक्के. या वर्षी १०४ कोटींना ३ टक्क्यांनी ३ कोटी १२ लाख यायला हवे होते. खात्यात होते अडीच कोटी. उलटा हिशेब कर. अडीच कोटींच्या भाड्यात ३ टक्क्यांनी ८३ कोटींचा माल जातो. आपला अंदाज होता ८४! विक्रीने एक गोष्ट सांगितली, ट्रकने दुसरी.

आपण शोधत असतो ती खूण हीच. एक आकडा दुसऱ्याशी ठरलेल्या नात्याने बांधलेला असतो आणि तो दोर अचानक सैल पडतो. अशी जोडी प्रत्येक धंद्यात वेगळी. फाउंड्रीत उत्पादन आणि विजेचं बिल, हॉटेलात खोल्यांचं भाडं आणि लाँड्रीचा खर्च, कर्ज काढलेल्या कोणत्याही कंपनीत सरासरी कर्ज आणि व्याज. नुसतं ‘मागच्या तिमाहीपेक्षा इतके टक्के जास्त’ असा तक्ता करून प्रत्येक ओळीसमोर ‘विक्री वाढल्यामुळे’ लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. तो तक्ता फाइल जाड करतो, बाकी काही नाही.

आता प्रश्नांचा नेम बदलला. सीएफओंऐवजी डिस्पॅच पाहणाऱ्या माणसाला विचारलं, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गाड्या किती भरल्या? त्याने साधेपणाने सांगितलं की नेहमीइतक्याच. हिशेब खात्याला विचारलं, त्या आठवड्यातल्या किती बिलांना ई-वे बिल नाही? यादी आली, १८ कोटींची. माल बिल होऊन कंपनीच्याच डेपोत पडून होता. ऑक्टोबरच्या क्रेडिट नोटांची यादीही मागवली. रिव्ह्यू नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चालतो याचा हा मोठा फायदा आहे, सप्टेंबरनंतर काय घडलं ते समोर असतं. त्याच डीलरांच्या नावे ९ कोटींची बिलं तोवर रद्दही झाली होती.

मॅनेजमेंटने दोन गोष्टी पुढे केल्या. पहिली, बिल जीएसटीच्या विवरणात दाखवलंय, कर भरलाय. कर भरल्याने विक्री होत नाही. इंड एएस ११५ विचारतं ते मालाचा ताबा ग्राहकाकडे गेला का, एवढंच. दुसरी, डीलरनेच माल ठेवून घ्यायला सांगितलाय. असं असू शकतं. माल आपल्याकडे ठेवूनही विक्री दाखवता येते, पण चार अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात. तसं करण्यामागे खरं कारण हवं, जसं की ग्राहकाची स्वतःची मागणी. माल त्या ग्राहकाचा म्हणून वेगळा ओळखता आला पाहिजे. तो कधीही पाठवायला तयार हवा. आणि कंपनीला तो स्वतः वापरता किंवा दुसऱ्याला देता येता कामा नये. इथे डीलरचं एकही पत्र नव्हतं, पंप सगळ्या स्टॉकमध्ये मिसळून ठेवलेले, आणि त्यातले काही ऑक्टोबरमध्ये दुसऱ्याच डीलरला गेलेले.

१८ कोटींची विक्री उलटवली, १३ कोटींची त्याची किंमत परत स्टॉकमध्ये आली, नफ्यातून ५ कोटी गेले. करपूर्व नफा ९ कोटी दिसत होता, तो ४ झाला. कंपनीने बोर्डाच्या बैठकीआधी दुरुस्ती केली, म्हणून आपला रिपोर्ट स्वच्छ गेला. केली नसती तर निष्कर्षात अपवाद घालावा लागला असता. आधी आक्षेपाचा परिच्छेद, त्यात रक्कम आणि परिणाम, आणि मग ‘वरील बाब वगळता काही नजरेस आलं नाही’. चूक सगळ्या निकालभर पसरलेली असती तर प्रतिकूल निष्कर्ष. आणि मॅनेजमेंटने यादीच दिली नसती, तर रिव्ह्यू पुरा होत नाही असं ऑडिट कमिटीला लेखी कळवावं लागतं. ‘अर्धा रिव्ह्यू’ नावाची चीज नसते.

या सगळ्यात आपण काय केलं नाही ते पण बघ. एकाही डीलरला पत्र टाकलं नाही, डेपोत जाऊन स्टॉक मोजला नाही, तिमाहीभराची बिलं नमुना म्हणून उपसली नाहीत. शेवटच्या आठवड्याची यादी मागितली ती धागा तिथे गेला म्हणून. मानकाचं तसंच म्हणणं आहे, शंका यावी असं काही दिसलं तर जास्तीचे प्रश्न, जास्तीची तपासणी, शंका फिटेपर्यंत. अंदाजाप्रमाणे ८४ च्या आसपास आकडा आला असता आणि वाहतूक जुळली असती, तर त्या बिलांकडे न पाहता पुढे गेलो असतो आणि ते बरोबरच असतं.

त्यातच रिव्ह्यूची मर्यादाही आहे. आपण खडबडीतपणा शोधतो. कुणी खोटं गुळगुळीत करून मांडलं, सगळी नाती सांभाळून, तर आकडे ताडून ते सापडत नाही. सत्यमच्या रामलिंग राजूंनी ७ जानेवारी २००९ ला जे पत्र लिहिलं, त्यात एका तिमाहीचेच आकडे आहेत. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत २,७०० कोटी विक्री आणि २४ टक्के मार्जिन दाखवलं होतं, खरी विक्री २,११२ कोटी आणि मार्जिन ३ टक्के. चोवीस टक्के मार्जिन आयटी कंपनीत कुणाला खटकणार? आणि पुस्तकांतल्या ५,३६१ कोटी रोख व बँक शिलकेतले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. शिल्लक खरी आहे का, हे बँकेकडून थेट आलेलं पत्रच सांगतं, आणि तिमाहीच्या रिव्ह्यूत तसं पत्र मागवायचा नियम नाही. म्हणून कंपनीच्या निकालावर लिमिटेड रिव्ह्यू आहे म्हणजे ‘ऑडिटरने तपासलंय’ असं कुणी म्हणालं, तर तिथल्या तिथे दुरुस्त कर. तरी बँकेत एवढी शिल्लक आणि व्याज इतकं कमी का, किंवा शिल्लक असताना कर्ज कशाला, हे प्रश्न रिव्ह्यूतही विचारता येतात. ते विचारायला पत्र लागत नाही.

कागदांबद्दल थोडक्यात. प्रश्न कुणाला विचारला, कोणत्या तारखेला, उत्तर काय आलं आणि ते कशाशी ताडलं, या चार गोष्टी नसतील तर ‘मॅनेजमेंटशी चर्चा केली’ या ओळीला काही अर्थ नाही. पुस्तकं बंद झाल्यावर हाताने घातलेल्या नोंदींची यादी मागव. ट्रायल बॅलन्स आणि निकालाचा तक्ता यांच्यामधे एक्सेलमध्येच घातलेली नोंद असेल तर तिच्यावर बोट ठेवून विचार. मॅनेजमेंटचं रिप्रेझेंटेशन लेटर रिपोर्टच्या तारखेचं घे, पण ते न मिळालेल्या उत्तराच्या जागी वापरू नकोस. फर्मचं पीअर रिव्ह्यू प्रमाणपत्र चालू असल्याचं बघ, ते नसेल तर हे कामच घेता येत नाही. रिपोर्टवर यूडीआयएन टाकायला विसरू नकोस. आणि बोर्डाची बैठक चालू असताना सहीसाठी तीनदा फोन येईल, तेव्हा अंतिम तक्ता पुन्हा वाचल्याशिवाय सही करू नकोस. शेवटच्या तासात टिपांमधली वाक्यं बदललेली असतात.

सीएफओ तुला आणखी एक गोष्ट ऐकवतील, की तिमाहीत थोडं इकडेतिकडे चालतं, मार्चला सगळं नीट होतं. इंड एएस ३४ तसं म्हणत नाही. तिमाहीत अंदाज जास्त लागतात हे खरं. कर तर वर्षभराचा दर काय बसेल याचा अंदाज बांधूनच लावतात. पण खर्च कधी दाखवायचा आणि उत्पन्न कधी, याचे नियम मार्चचेच. फेब्रुवारीत करायच्या मोठ्या दुरुस्तीची तरतूद सप्टेंबरमध्ये करता येत नाही, आणि मंद तिमाही बरी दिसावी म्हणून उन्हाळ्याची विक्री अलीकडे ओढता येत नाही.

शिवाय मार्चला सगळं नीट होतं म्हणजे कुठे होतं, तेही बघ. जानेवारी ते मार्चच्या स्तंभातला आकडा स्वतंत्रपणे काढलेला नसतो. वर्षाच्या ऑडिट झालेल्या आकड्यातून नऊ महिन्यांचे रिव्ह्यू झालेले आकडे वजा करून जे उरतं ते तिथे येतं, आणि तशी टीप निकालाखाली द्यावी लागते. पंपांच्या वॉरंटीची तरतूद तीन तिमाही कमी धरली आणि मार्चच्या ऑडिटने ती सुधारली, तर तिन्ही तिमाहींचं ओझं शेवटच्या तिमाहीवर पडतं. वर्षाचा आकडा बरोबर, चारही तिमाहींचे चूक. शेवटच्या तिमाहीत असा अंदाज लक्षणीय बदलला तर त्याचं स्वरूप आणि रक्कम वार्षिक हिशेबांत उघड करावी लागते. बऱ्याचदा ती करायची राहते, कारण त्या स्तंभाकडे स्वतंत्रपणे कुणी पाहतच नाही. मे महिन्यात तू तो वजाबाकीचा स्तंभ काढून त्याला हीच वाहतुकीची आणि उधारीची नाती लावून बघ. तिथे ती सैल पडली, तर दोष बहुधा जून, सप्टेंबर किंवा डिसेंबरचा असेल, आणि त्या तिमाहीच्या रिपोर्टवर सही आपल्याच फर्मची असेल.